दोन पॅलेट एकावर एक: कंटेनर भरण्याआधी तळच्या खोक्याचा हिशेब

पॅलेटवर किती थर लावायचे आणि पॅलेटवर पॅलेट चढवायचं की नाही, हे बहुतेक ठिकाणी कंटेनरच्या उंचीवरून ठरतं. जागा उरली की आणखी एक थर. पण मर्यादा उंचीची नसते, सगळ्यात खालच्या खोक्याची असते. तोही कारखान्यातून निघतानाचा कोरा, कडक खोका नव्हे, तर महिनाभर ओझं घेऊन दमट हवेत उभा राहिलेला खोका. त्याच्या कोपऱ्यांत शेवटच्या दिवशी किती ताकद उरेल, ते आधी काढायचं आणि मग थर ठरवायचे.

हे सगळं एका भरणीवर करून पाहू. मसाल्याच्या पाकिटांचे खोके न्हावा शेवाहून युरोपला जाणार आहेत. कंटेनर ४० फुटी हाय-क्यूब. खोक्याचं बाहेरचं माप ४०० × ३०० × २५० मिमी, भरलेलं वजन १२ किलो, पुठ्ठा ५ प्लाय. पॅलेट लाकडी, १२०० × १००० मिमी, चार बाजूंनी फोर्क जाणारं, उंची १५० मिमी, वजन २० किलो. प्रत्येक पॅलेटवर खोक्यांचे चार थर, आणि पॅलेटवर पॅलेट. पाकिटं मऊ असल्यामुळे ती वरचं वजन उचलत नाहीत; सगळा भार पुठ्ठ्यावर येतो. पत्र्याचे डबे किंवा काचेच्या बरण्या असत्या तर आतला माल स्वतःच खांबासारखा उभा राहिला असता आणि हिशेब बराच सैल झाला असता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: वजन कोण उचलतंय, खोका की आतला माल?

पहिली पायरी: एक थर कागदावर मांडा

४०० × ३०० चे खोके १२०० × १००० च्या पॅलेटवर सरळ रांगेत लावले तर नऊच बसतात आणि एका बाजूला १०० मिमीची पट्टी रिकामी राहते. थोडं फिरवून लावले तर दहा बसतात आणि पॅलेट काठोकाठ भरतं. १२०० मिमीच्या बाजूला धरून पहिली पट्टी ४०० मिमी खोल करायची. तिच्यात चार खोके, प्रत्येकाची ३०० ची बाजू १२०० च्या दिशेने. उरलेल्या ६०० मिमीत ३०० खोलीच्या दोन पट्ट्या करायच्या. प्रत्येकीत तीन खोके, या वेळी ४०० ची बाजू १२०० च्या दिशेने. चार अधिक तीन अधिक तीन, झाले दहा.

आता दुसरा थर. इथे हमालांची जुनी सवय आड येते. ते दुसरा थर उलटा फिरवतात, म्हणजे चार खोक्यांची पट्टी पलीकडच्या बाजूला जाते. विटांच्या भिंतीसारखी पकड बसते, थर सरकत नाही, पॅलेट दिसायलाही घट्ट दिसतं. खोक्याच्या दृष्टीने मात्र ही सगळ्यात महाग चूक आहे. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यात भाराचा बराच मोठा भाग, साधारण दोन-तृतीयांश, चार उभे कोपरे आणि त्यांच्या लगतचा भाग उचलतो. भिंतीचा मधला भाग थोड्या वजनानेच बाहेर फुगतो. थर उलटा लावला की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ भिंतीवर येतो. पकडीच्या अशा मांडणीत उभी ताकद ४० ते ६० टक्के घटते. कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर जवळजवळ काहीच घटत नाही. हाताने लावताना थोडं इकडेतिकडे सरकणारच, त्याचे १० ते १५ टक्के धरायचे.

तेव्हा नियम असा की चारही थर तंतोतंत एकाच मांडणीचे. दहा खोक्यांचे दहा उभे खांब तयार झाले पाहिजेत. थर सरकू नयेत ही काळजी रास्त आहे, पण तिचं उत्तर स्ट्रेच फिल्म, कोपऱ्याच्या पट्ट्या आणि थरांमधला न घसरणारा कागद यांनी द्यायचं. अगदीच राहवत नसेल तर फक्त सगळ्यात वरचा थर फिरवा. मात्र हे एकेरी पॅलेटलाच चालतं. त्यावर दुसरं पॅलेट चढणार असेल तर तोही सरळच ठेवायचा.

खोका पॅलेटच्या बाहेर लोंबकळता कामा नये. २५ मिमी बाहेर गेला की त्या बाजूचे दोन कोपरे हवेत राहतात आणि २० ते ४० टक्के ताकद जाते. आपली मांडणी नेमकी काठोकाठ आहे, म्हणजे खोका ४ मिमी फुगला तरी चार खोक्यांच्या पट्टीत ते १६ मिमी होतात. म्हणून पाकिटं भरून बंद केलेला खोका मोजायचा, रिकाम्याचं ड्रॉइंग नाही. फुगवटा जास्त निघाला तर खोक्याचं माप ५ मिमीने कमी करून घेणं हा खरा उपाय.

दुसरी पायरी: तळच्या खोक्यावर येणारं वजन

एका थरात दहा खोके, म्हणजे १२० किलो. चार थरांचे ४८० आणि पॅलेटचे २०, मिळून ५०० किलो. उंची १५० अधिक चार वेळा २५०, म्हणजे ११५० मिमी. एकावर एक दोन ठेवली तर २३०० मिमी.

खालच्या पॅलेटच्या तळच्या खोक्यावर त्याच्याच खांबातले वरचे तीन खोके असतात, म्हणजे ३६ किलो. शिवाय वरच्या अख्ख्या पॅलेटचा वाटा. ५०० किलो दहा खांबांत सारखे वाटले गेले तर खांबाला ५०. एकूण ८६ किलो. ‘सारखे वाटले गेले तर’ या शब्दांकडे थोड्या वेळात परत येऊ, कारण ते आपोआप सारखे वाटले जात नाहीत.

तिसरी पायरी: खोक्यात किती ताकद उरते

आपल्याकडे खोक्याची ऑर्डर बहुतेकदा प्लाय, जीएसएम आणि बीएफ सांगून दिली जाते. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागदाच्या वजनाच्या मानाने तो फुटायला किती दाब लागतो, ते यावरून कळतं. एकावर एक रचल्यावर खोका किती वजन घेईल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन आकडे मागायचे. एक ईसीटी, म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी उभी धरून चेपायला लागणारं बल. दुसरा बीसीटी, म्हणजे अख्खा रिकामा खोका यंत्रात चेपल्यावर तो कोसळतो तेव्हाचं बल. बीसीटीचा चाचणी अहवाल मिळाला तर उत्तमच. नसेल तर मॅकी यांच्या सोप्या केलेल्या सूत्राने अंदाज काढता येतो:

```
BCT = 5.87 × ECT × √(t × P)
```

यात `t` ही पुठ्ठ्याची जाडी आणि `P` हा खोक्याचा घेर, दोन्ही मीटरमध्ये. `ECT` न्यूटन प्रति मीटरमध्ये घेतला की उत्तर न्यूटनमध्ये येतं. आपल्या खोक्याचा घेर ४०० अधिक ३०० च्या दुप्पट, म्हणजे १.४ मीटर. जाडी ६.५ मिमी आणि ईसीटी ७,००० न्यूटन प्रति मीटर धरू. उत्तर सुमारे ३,९२० न्यूटन येतं. ९.८१ ने भागलं की ४०० किलो.

४०० किलोची ताकद आणि वजन फक्त ८६ किलो, मग चिंता कसली, असं इथे वाटतं. पण ४०० किलो हा प्रयोगशाळेतला आकडा आहे. २३ अंश तापमान, ५० टक्के आर्द्रता, कोरा खोका, काही मिनिटांची चाचणी. प्रवासात त्यातून एकेक वाटा वजा होत जातो.

हवेतल्या ओलाव्याचा वाटा सगळ्यात मोठा. आर्द्रता ८० टक्के असेल तर पुठ्ठ्यात साधारण ०.६८ पट ताकद उरते, ९० टक्क्यांवर ०.४८ पट. दुसरा वाटा वेळेचा. सतत ओझ्याखाली पुठ्ठा हळूहळू दबत जातो: दहा दिवसांनी ०.६३, महिन्याने ०.६०, तीन महिन्यांनी ०.५५. या आकड्यांवरून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नुकसान मुख्यतः पहिल्या दहा दिवसांतच होतं. त्यामुळे ‘पंधरवड्याचाच तर प्रवास आहे’ म्हणून थर वाढवण्यात काही अर्थ नाही. उलट जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेलं आणि दोन आठवडे वाढले, तर त्यानेही फार फरक पडत नाही.

उरलेले वाटे लहान. थर थोडे सरकलेले, त्याचे ०.९. पॅलेटच्या वरच्या फळ्यांमधल्या फटींमुळे १० ते २५ टक्के जातात, त्याचे ०.८५ धरू. उचलठेव आणि आपटाआपटीचे ०.९.

आता गुणाकार. ८० टक्के आर्द्रता आणि एक महिना:

```
400 × 0.68 × 0.60 × 0.90 × 0.85 × 0.90 ≈ 112 kg
```

४०० चे ११२ उरले. वजन ८६. म्हणजे भरणी चालते, पण ताकद वजनाच्या जेमतेम १.३ पट आहे. आता याच गुणाकारात एकच चूक घालून बघा. थर उलटे लावले, म्हणजे ०.९० च्या जागी ०.५०, तर उरतात ६२ किलो. खोका एका बाजूने २५ मिमी बाहेर राहिला आणि त्यासाठी आणखी ०.७ ने गुणलं, तर ७९. दोन्ही ८६ च्या खाली. पुठ्ठा तोच, वजन तेच, तरी तळचा थर चेपून बसतो. अशा वेळी खोकेवाल्याला दोष दिला जातो आणि पुढच्या खेपेला जास्त बीएफचा कागद मागवला जातो. पैसे वाढतात, नुकसान तसंच राहतं.

चौथी पायरी: वरच्या पॅलेटची मधली फळी

वरचं पॅलेट खालच्या खोक्यांवर सपाट पत्र्यासारखं टेकत नाही. त्याच्या तळाला फळ्या असतात. नेहमीच्या एका प्रकारात १२०० च्या दिशेने तीन फळ्या असतात, प्रत्येकी सुमारे १०० मिमी रुंद: दोन कडांना आणि एक मधोमध. वरचे ५०० किलो या तीनच पट्ट्यांतून खाली उतरतात.

आपल्या मांडणीवर या फळ्या ठेवून पाहा. १००० च्या बाजूवर शून्यापासून ४०० पर्यंत चार खोक्यांची पट्टी, ४०० ते ७०० तीनची, ७०० ते १००० तीनची. फळ्या येतात ०–१०० वर, ४५०–५५० वर आणि ९००–१००० वर. प्रत्येक पट्टीच्या नशिबी एकेक फळी आली, हे बरंच झालं. पण तीन आधारांवरच्या तक्त्यात मधल्या आधाराकडे निदान अर्धा भार जातो, कडांच्या वाट्याला पाव-पाव. म्हणजे मधल्या तीन खोक्यांवर २५० किलो, प्रत्येकी ८३. त्यात खालच्या खांबाचे ३६ मिळवले की ११९ किलो. खोक्याची उरलेली ताकद ११२. कागदावर पास झालेली भरणी इथे नापास होते, आणि का होते हे बाहेरून दिसतही नाही, कारण बसलेला खांब मधोमध असतो.

शिवाय मधली फळी या खोक्यांच्या झाकणाच्या मधल्या भागावर टेकते, कोपऱ्यांवर नाही. तिथे झाकण आधी खचतं, आणि मग वरचं पॅलेट झुकायला लागतं.

उपाय सोपा आहे. खालच्या पॅलेटच्या माथ्यावर १२०० × १००० चा कडक तक्ता टाकायचा. ९ ते १२ मिमीचा प्लायवूड किंवा चांगला हनीकोम्ब बोर्ड चालतो. पातळ पुठ्ठ्याचा कागद धूळ अडवतो, भार पसरवत नाही. तक्ता टाकल्यावर वाटणी खांबाला ५० किलोच्या जवळ येते आणि ८६ चा हिशेब खरा ठरतो. दुसरा उपाय म्हणजे तळाला जास्त फळ्यांचं किंवा चौकटीच्या तळाचं पॅलेट मागवणं. तो दीर्घकाळासाठी बरा, पण त्याची ऑर्डर आधी द्यावी लागते. प्लायवूड दुपारपर्यंत मिळतो. पॅलेटच्या लाकडाला निर्यातीसाठी आयएसपीएम १५ ची उष्णताप्रक्रिया लागते: गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि एचटीचा शिक्का. प्लायवूडला ती लागत नाही, पण आधारासाठी घातलेल्या सुट्या घन लाकडाच्या पट्ट्यांना लागते. नेमक्या त्याच विसरल्या जातात.

पाचवी पायरी: पावसाळ्याचा वेगळा हिशेब

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणपट्टीत खोके ९० टक्के आर्द्रतेत उभे असतात असंच धरा. ०.६८ च्या जागी ०.४८ घातलं की ११२ चे ७९ होतात. प्लायवूड टाकूनही ८६ पेलत नाही. इथे तीन वाटा आहेत.

वरच्या पॅलेटवर चारऐवजी तीन थर लावा. मग वरचं वजन ३८० किलो, खांबाला ३८, एकूण ७४. ७९ च्या आत बसतं, पण अगदी काठावर. हा निर्णय नाइलाजाचा. दुसरी वाट, ईसीटी ९,००० चा पुठ्ठा. बीसीटी ४०० वरून सुमारे ५१४ होतो आणि शेवटी १०२ किलो उरतात. खोका महागतो, पण १६०० खोके तेवढेच राहतात. पहिल्या वाटेत २०० खोके कंटेनरबाहेर राहतात. दोन्हींचं गणित मालाच्या किमतीवर अवलंबून, पण बहुतेक मसाल्यांत जाड पुठ्ठा स्वस्त पडतो. तिसरी वाट म्हणजे ओलावाच कमी करणं: कंटेनरमध्ये टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या, आणि वाळलेली पॅलेटं. ओल्या लाकडाची ४० पॅलेटं आत बंद केली तर पिशव्या तेच पाणी पीत बसतात. ओलावा मोजायचं पिन-मीटर घ्या आणि २० टक्क्यांवरचं पॅलेट परत पाठवा. ही तिसरी वाट पहिल्या दोन्हींच्या जोडीला आहे, त्यांच्या बदली नाही.

सहावी पायरी: गुंडाळणं

फिल्मचं पहिलं काम खोके एकत्र धरणं नाही, माल पॅलेटला बांधणं आहे. सुरुवात पॅलेटच्या ठोकळ्यांपासून करायची आणि तळाला तीन-चार वेढे असे घ्यायचे की फिल्म पॅलेटचं लाकूड आणि पहिला थर दोन्ही पकडेल. मग निम्मी फिल्म आधीच्या वेढ्यावर चढवत वर जायचं. माथ्यावर दोन-तीन वेढे, आणि पुन्हा खाली. तळाचा वेढा लाकडाच्या वरूनच सुरू झालेला असेल तर ब्रेकला पॅलेट जागेवर राहतं आणि वरचे चार थर अख्खे पुढे सरकतात.

उभ्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या लावा, खालच्या फळीपासून माथ्यापर्यंत अखंड. त्या फिल्मला खोक्याच्या कडेत रुतू देत नाहीत. खूप ताणलेली फिल्म कोपरे आत ओढते आणि ज्यांच्यावर सगळा हिशेब उभा आहे त्यांनाच चेपते. गुंडाळल्यावर वरच्या थराचे कोपरे आत वळलेले दिसले तर ताण कमी करायचा.

सातवी पायरी: कंटेनरमध्ये मांडणी

४० फुटी हाय-क्यूबची आतली लांबी सुमारे १२.०३ मीटर, रुंदी २.३५, उंची २.६९. पण माल आत जातो तो दरवाजातून, आणि दरवाजाची उंची साधारण २.५८ मीटर. आपली जोडी २.३० मीटरची, फोर्कवर उचलायला २८ सेंटिमीटर मिळतात. साध्या ४० फुटी किंवा २० फुटी कंटेनरचा दरवाजा मात्र साधारण २.२८ मीटरच असतो. बुकिंगमध्ये हाय-क्यूब सांगून साधा कंटेनर आला तर ही जोडी दारातच अडते. म्हणून कंटेनर कारखान्यात आल्याबरोबर, सील वगैरे पाहण्याच्याही आधी, दरवाजाची उंची टेपने मोजा.

रुंदीत एक पॅलेट १२०० आडवं आणि एक १००० आडवं असे दोन बसतात: २.२० मीटर. लांबीच्या दिशेने एका रांगेत प्रत्येक पॅलेट १.२० जागा घेतं, दुसऱ्या रांगेत १.००. पहिलीत दहा लावली तर १२.०० होतात आणि फिल्मचा फुगवटा धरला की दार लागत नाही. म्हणून नऊ, म्हणजे १०.८ मीटर. दुसरीत अकरा, ११ मीटर. वीस जागा, प्रत्येक जागी दोन, ४० पॅलेटं, १६०० खोके आणि २० टन. वर प्लायवूडचं वजन. कंटेनरच्या क्षमतेत हे सहज बसतं; इथे मर्यादा वजनाची नाही, पुठ्ठ्याची आहे. व्हीजीएममध्ये, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या जाहीर करायच्या वजनात, मात्र पॅलेटं, प्लायवूड आणि आधाराची लाकडं सगळी आली पाहिजेत.

रुंदीत २.३५ वजा २.२० म्हणजे १५ सेंटिमीटर फट उरते. आयएमओ, आयएलओ आणि यूएनईसीई यांच्या सीटीयू कोडने, म्हणजे कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, कुठल्याही आडव्या दिशेतल्या फटींची बेरीज १५ सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगितलंय. आपण रेषेवर आहोत. दोन्ही रांगा भिंतींना टेकवा आणि सगळी फट मध्ये एकत्र करून भरा. दोन्ही भिंतींशी सात-सात सेंटिमीटर सोडणं सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजूंना डुलायला जागा मिळते आणि भरायला हात जात नाही.

फट कुठल्या उंचीवर भरायची, तेही महत्त्वाचं. वादळी सागरी मार्गांसाठी कोड आडव्या दिशेने ०.८ जीचा, म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट धक्का धरतो. २.३ मीटर उंच आणि १ मीटर रुंद जोडी एवढ्या धक्क्याला एकटी उभी राहत नाही, शेजाऱ्यावर कलते. म्हणून वरच्या पॅलेटच्या उंचीवर भराव हवाच. फक्त तळाशी लाकूड ठोकून भागत नाही. एअरबॅग वापरणार असाल तर तिच्या दोन्ही बाजूंना तक्ते लावा आणि हवा बेताने भरा. ०.२ बार हा दाब किरकोळ वाटतो, पण एक चौरस मीटरवर तो दोन टनांचा रेटा असतो. पाकिटांच्या खोक्याची भिंत तो सोसत नाही. मऊ मालाला हनीकोम्बचे तयार ठोकळे मला तरी एअरबॅगपेक्षा बरे वाटतात.

दरवाजाकडे एक मीटरहून थोडी जास्त जागा उरते. माल पुढच्या भिंतीला टेकवल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य कंटेनरच्या मध्यापासून साधारण ५५ सेंटिमीटर पुढे जातो, लांबीच्या साडेचार टक्क्यांहून थोडं जास्त. कोडची सर्वसाधारण मर्यादा पाच टक्के आहे, त्यामुळे चालतं. ही मोकळी जागा मात्र तशीच सोडून दार लावायचं नाही. लाकडी चौकट करून ती कंटेनरच्या मागच्या कोपऱ्यांच्या खांबांना अडकवा, म्हणजे माल दारावर रेलणार नाही. चौकटीला पट्टे कंटेनरच्या कड्यांतून घ्या. दार हे आधाराचं साधन नाही. उलट मुक्कामावर ते उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर वरचं पॅलेट येण्याचा धोका इथेच असतो.

ट्रकने बंदरापर्यंत आणि देशांतर्गत

कारखान्यातून बंदरापर्यंतचा रस्ता ब्रेकचा असतो. रस्त्यासाठी कोड पुढच्या दिशेने ०.८ जी धरतो, बाजूला आणि मागे ०.५. कसाऱ्याच्या किंवा बोरघाटाच्या उतारावर पुढच्या भिंतीशी फट राहिलेली असेल तर ती तिथेच कळते.

माल कंटेनरमध्ये न जाता बंद बॉडीच्या ट्रकने देशातच जाणार असेल तर वेळेचा वाटा बदलत नाही म्हटलं तरी चालेल, पण खड्डे बदलतात. मागच्या चाकांच्या मागे बाहेर आलेल्या भागात उभा हिसका सगळ्यात मोठा असतो. तिथे पॅलेटवर पॅलेट चढवू नका. दोन जागा एकेरी ठेवा आणि जोड्या चाकांच्या पुढे घ्या. रांगेत जड पॅलेट आणि हलकं पॅलेट असेल तर जड खाली, हे सांगायला नको. पण एकाच वजनाची दोन पॅलेटं असतील आणि एकाचे खोके आधीच एका कोपऱ्यात बसलेले दिसत असतील, तर ते वर.

खोक्यावर थरांची मर्यादा छापताना नुसती खूण आणि आकडा पुरत नाही. ‘४’ म्हणजे तळचा धरून चार की त्याच्यावर चार, यावर गोदामात दोन मतं असतात. म्हणून खुणेशेजारी शब्दांत लिहा: ‘पॅलेटवर एकूण ४ थर, वर दुसरं पॅलेट फक्त तक्ता टाकून.’ निर्यातीत तेच मुक्कामाच्या भाषेतही छापा.

नुकसान झालंच तर खुणा वाचा

कंटेनर उघडल्यावर पहिले फोटो माल हलवण्याआधी घ्यायचे, दारातून आणि प्रत्येक रांग काढल्यावर. चेपलेल्या खोक्यावर कारण लिहिलेलं असतं.

तळच्या थराचे कोपरे वळलेले आणि चारही भिंती सारख्या फुगलेल्या असतील, तर वजन जास्त होतं किंवा पुठ्ठा ओला होता. पुठ्ठा हाताला थंड आणि लवचीक लागला, चिकटवलेले थर सुटत असले तर ओलावा. कोरडा असून वळला असेल तर वजन. तळाच्या खोक्यांच्या बुडाला समांतर चरे उमटले असतील तर पॅलेटच्या फळ्यांमधली फट मोठी आहे. खालच्या पॅलेटच्या माथ्यावर १०० मिमी रुंद पट्टीचा ठसा मधोमध असेल तर तक्ता विसरला. बाहेरची एकच बाजू बसलेली आणि रांग त्या बाजूला कललेली असेल तर खोके पॅलेटबाहेर लोंबत होते. आणि मधल्या थरांच्या भिंतींवर तिरपी घडी, कोपऱ्यापासून दूर, असेल तर कोणीतरी थर उलटे लावले. भरताना काढलेल्या फोटोत ते बहुधा दिसतं.

खोके बसलेले नाहीत पण पाकिटं फुटलेली, असंही होतं. मग खोक्यात वर मोकळी जागा होती. झाकण खाली दबलं, पुठ्ठा टिकला आणि मार पाकिटांनी खाल्ला. तिथे जाड पुठ्ठा मागवून उपयोग नाही. पाकिटांची उभी मांडणी बदलायची किंवा खोक्याची उंची १० मिमीने कमी करायची, आणि मग पॅलेटच्या उंचीपासून सगळा हिशेब पुन्हा एकदा मांडायचा.